लाईट गेली की विहिरीचं पाणी थांबायचं

अमळनेर तालुक्यात माझ्या मामांची दीड एकर लिंबाची बाग आहे, दीडशेच्या वर झाडं. पाणी एका जुन्या विहिरीचं. विहीर गोल, बांधीव, आतून सहा मीटर व्यासाची, खाली काळा कातळ. एप्रिल उजाडला की मामांचा रोजचा हिशोब सुरू होतो: मोटार किती वेळ चालवायची, आणि बंद केल्यावर पाणी किती तासांत किती भरून येतं. आजवर हा हिशोब दोरीला नटबोल्ट बांधून चालायचा. मी धुळ्याला कंट्रोल पॅनेलची कामं करतो, म्हणून मार्चमध्ये मामांनी फर्मान काढलं, "भाच्या, तुनं मशीन लाव आनि पानी कितलं येस ते सांग."

काम सोपं वाटलं होतं. पाण्यात सोडायचा लेव्हल ट्रान्समीटर मिळतो, तळाशी बसून डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजतो. मी घेतला तो ० ते १० मीटरचा, दोन तारांचा, ४ ते २० मिलिअँपिअर देणारा. विहिरीत पीव्हीसीचा चार इंची पाइप उभा करून त्यात तो सोडला, म्हणजे वरच्या झऱ्याचं पाणी पडून उठणाऱ्या लाटा त्याला लागत नाहीत. तिथून तीस मीटर केबल शेडपर्यंत. शेडमध्ये २५० ओहमच्या रेझिस्टरवर त्या करंटचे १ ते ५ व्होल्ट होतात आणि ते आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या A0 पिनवर जातात. वीज दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांची, एकामागे एक जोडून २४. लाईट असेल तेव्हा चार्जर त्या भरतो. बोर्डाला ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटरमधून.

आता पायरीचा हिशोब. उनोचा एडीसी, व्होल्टचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या, एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. आपले १० मीटर ४ व्होल्टमध्ये पसरलेत, म्हणून एक पायरी म्हणजे १२.२ मिलिमीटर पाणी. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तेवढ्या पाण्याचे साधारण साडेतीनशे लिटर होतात. रात्री विहीर तासाला दीड-दोन सेंटिमीटर चढते, म्हणजे एक पायरी चढायला तिला पाऊण तास लागतो. आणि मामांना हवं होतं ते तासाचं पाणी, तेही पहिल्या तासाचं वेगळं आणि पहाटेचं वेगळं. १० बिटांत ते दिसणं शक्य नव्हतं.

व्होल्टेजची रेंज तर आधीच पूर्ण वापरलेली, त्यामुळे रेफरन्स, म्हणजे एडीसी ज्याच्याशी तुलना करतो तो व्होल्टेज, कमी करून पायरी बारीक करायची सोय नव्हती. ज्याचा सेन्सर पाचपैकी निम्मेच व्होल्ट वापरतो त्याने आधी रेफरन्स बदलावा. तो फायदा फुकटचा असतो आणि पुढची सगळी उठाठेव वाचते. माझ्यापुढे दोनच रस्ते होते, बाहेरचा १६ बिटांचा एडीसी किंवा ओव्हरसॅम्पलिंग. धुळ्याच्या दुकानात त्या दिवशी एडीसीचं मोड्यूल नव्हतं. एवढंच कारण.

ओव्हरसॅम्पलिंगमागची गोष्ट अशी. समजा खरी पातळी ४९९.३ पायऱ्यांवर आहे. एडीसीला दशांश कळत नाही, तो एक तर ४९९ सांगेल किंवा ५००. पण सिग्नलवर थोडी थरथर असेल, तर शंभर वाचनांत साधारण सत्तर वेळा ४९९ येईल आणि तीस वेळा ५००. सरासरी ४९९.३. जो दशांश एका वाचनात नव्हता तो वाचनांच्या प्रमाणात सापडला. थरथर जर खरोखर बेशिस्त असेल, तर N वाचनांच्या सरासरीत ती √N पट कमी होते. म्हणून एका जादा बिटासाठी चौपट वाचनं लागतात: दोन बिटांना १६, तीन बिटांना ६४, चार बिटांना २५६. एव्हीआर चिपच्या कंपनीचीच यावर एव्हीआर१२१ नावाची टिपणी आहे आणि तिच्यातली कृती सरळ आहे: 4^n वाचनं घ्या, बेरीज करा, n बिट उजवीकडे सरकवा.

त्या 'n बिट सरकवा'पाशी बरेच जण फसतात. २५६ वाचनांच्या बेरजेला २५६ नेच भागलं, तेही पूर्णांकात, तर उत्तर पुन्हा १० बिटांचंच येतं. थरथर कमी झाली, पण मिळवलेला दशांश भागाकारातच सांडला. २५६ वाचनांना १६ ने भागायचं, म्हणजे उत्तर १४ बिटांचं राहतं. १४ बिटांची एक पायरी माझ्याकडे पाऊण मिलिमीटरची होती. कागदावर.

मी आधी साधा लूप लिहिला, `analogRead` एकामागोमाग २५६ वेळा. दुपारी लाईट होती, मोटार बंद ठेवायला लावली आणि लॅपटॉपवर आकडे बघत बसलो. एकेकटं वाचन सहा-सहा पायऱ्या वरखाली उडत होतं, म्हणजे सात-सात सेंटिमीटर. ते अपेक्षितच होतं. तीस मीटर केबल मोटारीच्या केबलला चिकटून आलेली, वर चार्जर. पण सरासरीसुद्धा दीड-दीड सेंटिमीटर हलत होती. √२५६ म्हणजे १६. सहा पायऱ्यांची उडी सोळाव्या हिश्शावर यायला हवी होती, अर्ध्या पायरीच्याही आत. येत होती सव्वा पायरी.

हा गोंधळ बेशिस्त नव्हता, हे तिथे कळलं. ती लाईनची ५० हर्ट्झची गुणगुण होती, दर २० मिलिसेकंदांनी एक फेरी. √N चा नियम एकमेकांशी संबंध नसलेल्या वाचनांना लागू पडतो. ११२ मायक्रोसेकंदांच्या अंतराने घेतलेली दोन वाचनं त्या गुणगुणीत जवळजवळ एकाच जागी असतात. दीडशे घेतली तरी ती एकाच फेरीचे तुकडे. अशा नॉइजला वाचनांची संख्या नव्हे, खिडकीची, म्हणजे ती सगळी वाचनं घ्यायला लागणाऱ्या वेळाची, लांबी मारते. खिडकीत पूर्ण फेऱ्या बसल्या तर वरचं पोट आणि खालचं पोट एकमेकांना खाऊन टाकतात आणि अर्धवट फेरी उरली तर तेवढी उरते.

माझी खिडकी किती होती? `analogRead` ला आर्डुइनोवर सुमारे ११२ मायक्रोसेकंद लागतात, २५६ चे झाले २८.७ मिलिसेकंद, म्हणजे १.४३ फेऱ्या. गणित करून पाहिलं तेव्हा हसू आलं. एका फेरीपेक्षा लांब खिडकी घ्यायची झाली, तर १.४३ हीच सगळ्यांत वाईट लांबी. तिथे गुणगुणीचा २२ टक्के भाग सरासरीत शिल्लक राहतो, आणि सहा पायऱ्यांचे २२ टक्के म्हणजे सव्वा पायरी. पुस्तकात उदाहरण म्हणून कुणी निवडलं असतं तरी इतकं नेमकं निवडलं नसतं.

उपाय सोपा होता. तीच २५६ वाचनं घाईने न घेता २०० मिलिसेकंदांत पसरायची. दहा पूर्ण फेऱ्या, दोन वाचनांत ७८१ मायक्रोसेकंद. लाईनची फ्रिक्वेन्सी ४९.९ झाली तरी उरणारा भाग अर्ध्या टक्क्याच्याही आत. वाचनं वाढली नाहीत, पण आकडा मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आत स्थिरावला. दुपारी तीन वाजता मी मामांना स्क्रीनवर चढती रेघ दाखवली. मामांनी ती पाहिली, आत गेले, आणि मामींना म्हणाले, चहा टाक.

त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती, चारला जायची. मी लॉगिंग चालू ठेवून धुळ्याला परतलो.

सकाळी मामांचा फोन आला. "पानी थांबी गयं रात्री," आणि लगेच, "पन दोरीनं मोजं तं चढेल शे." मला वाटलं सेन्सर पाइपमध्ये अडकला. रविवारी जाऊन फाइल उघडली. चार वाजेपर्यंत सुरेख तिरपी रेघ. चारला लाईट गेली आणि रेघेचा जिना झाला. चाळीस मिनिटं एकच आकडा, मग पाच-सहा मिनिटांत १२ मिलिमीटरची चढण, मग पुन्हा चाळीस मिनिटं सपाट. रात्रभर तसंच, फक्त पायऱ्या हळूहळू रुंद होत गेलेल्या. १४ बिट कुठेच नव्हते. माझं मशीन १० बिटांवर आलं होतं आणि तेच मला चार दशांशांत लिहून देत होतं.

मी सवयीने आधी चुकीच्या जागी शोधलं. बॅटरी उतरली का, ट्रान्समीटरला २४ व्होल्ट मिळतात का, सेन्सर खराब झाला का. सगळं ठीक. मग त्याच संध्याकाळी, लाईट गेल्यावर, सरासरी बाजूला ठेवून २५६ कच्ची वाचनं जशीच्या तशी छापली. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. दुपारी त्याच जागी ४९२ पासून ५०५ पर्यंत पसरलेले आकडे दिसले होते. आता स्क्रीनवर एकाखाली एक,

```
499
499
499
499
```

असे दोनशे छप्पन्न. एकही ४९८ नाही, एकही ५०० नाही.

चार्जर बंद, शेजारची मोटारीची केबल मेलेली, वीज शुद्ध बॅटरीची. सिग्नल इतका स्वच्छ झाला होता की एडीसीला थरथर म्हणून काही उरलीच नव्हती. खरी पातळी ४९९.१ असो की ४९९.८, उत्तर एकच. एकसारख्या दोनशे छप्पन्न आकड्यांची सरासरी तोच आकडा. दिवसा माझं १४ बिट चालत होतं ते माझ्या कोडमुळे नव्हे. ज्या गुणगुणीला मी शिव्या देत होतो तीच सिग्नलला पायऱ्यांवरून वरखाली फिरवत होती आणि दशांश मोजून देत होती. विहीर भरते नेमकी मोटार बंद असताना, बहुतेक वेळा लाईट नसतानाच. म्हणजे ज्या वेळेचं माप हवं, त्याच वेळेला माप बंद.

किती थरथर पुरते, याचा अंदाज असावा. बेशिस्त नॉइज साधारण अर्ध्या पायरीचा असला, म्हणजे आरएमएस अर्धी पायरी, की सरासरीत उरणारी जिन्याची चूक नगण्य होते, पायरीच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत. तोच नॉइज पायरीच्या दहाव्या हिश्शावर आला की पाव पायरीपर्यंत चूक राहते, मग हजार वाचनं घ्या की लाख. ही चूक वाचनं वाढवून जात नाही. म्हणून 'सॅम्पल वाढव' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, आणि 'पिनवर कपॅसिटर टाक' हा त्याहून वाईट. मला दोन्ही सल्ले मिळाले. पैकी दुसरा मी आधी स्वतःच स्वतःला दिला होता.

मग थरथर आपणच द्यायची. याला डिदर म्हणतात. पहिला प्रयत्न आळशी होता. एक डिजिटल पिन वरखाली करायची आणि मोठ्या रेझिस्टरमधून A0 ला थोडा धक्का द्यायचा. रेघ जिन्याचीच राहिली, फक्त पायऱ्या अर्ध्या उंचीच्या आणि दुप्पट झाल्या. कारण उघड होतं. चौकोनी लहर दोनच जागी उभी राहते, वर किंवा खाली. मधल्या जागा ती ओलांडते, थांबत नाही. डिदरला सिग्नल पायरीच्या प्रत्येक भागातून सारखा न्यायला हवा, म्हणजे तिरपी चढण आणि तिरपी उतरण, त्रिकोणी लहर.

चौकोनातून त्रिकोण करायला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. जोडणी अशी केली. पिन ९ पासून ४७ किलोओहम, त्यापुढे १ मायक्रोफॅरड जमिनीला. या जोडावर सुमारे १.३ व्होल्ट उंचीची, जवळपास त्रिकोणी लहर मिळते. तिथून दुसरा १ मायक्रोफॅरड आणि त्याच्यामागे १ मेगओहम, ते A0 ला. २५० ओहमच्या रेझिस्टरपासून A0 पर्यंत येणाऱ्या तारेत १० किलोओहम टाकला, तीच एडीसीच्या डेटाशीटमधली कमाल मर्यादा. १ मेग आणि १० किलो मिळून लहरीचा शंभरावा हिस्सा पिनवर येतो, १३ मिलिव्होल्ट, म्हणजे अडीच पायऱ्यांहून थोडं जास्त. मधला कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्यायचा. तिथे इलेक्ट्रोलिटिक टाकला तर त्याची गळती मापात कायमची मिसळते.

लहरीची फेरी खिडकीत पूर्ण बसली पाहिजे, म्हणजे ती स्वतः सरासरीत शून्य होते. म्हणून पिन वाचनांच्या गणतीवरच उलटवली, दर ३२ वाचनांनी. ६४ वाचनांची एक फेरी, २५६ मध्ये चार.

```
const byte DITHER = 9;
unsigned long nextT;

unsigned int readWindow() {
  unsigned long sum = 0;
  for (int i = 0; i < 256; i++) {
    while ((long)(micros() - nextT) < 0) {}
    nextT += 781;
    if ((i & 31) == 0)
      digitalWrite(DITHER, !digitalRead(DITHER));
    sum += analogRead(A0);
  }
  return sum >> 4;
}
```

`setup` मध्ये `pinMode(DITHER, OUTPUT)` आणि `nextT = micros()`, बाकी काही नाही. `sum` मात्र `unsigned long` च हवा. उनोवर साधा `int` ३२७६७ ला संपतो, आणि ५०० च्या आसपासची वाचनं असतील तर सहासष्टाव्या बेरजेला आकडा ऋण होतो. खिडक्या एकामागोमाग, न थांबता चालवायच्या. मध्ये दहा सेकंद `delay` टाकला तर पिन एकाच बाजूला उभी राहते, मधला कपॅसिटर तिकडे सरकतो, आणि परत आल्यावर पहिले काही आकडे वाकडे येतात. मी सेकंदाला पाच खिडक्या घेतो आणि एका मिनिटाच्या तीनशेची सरासरी कार्डावर लिहितो.

सोबत प्रत्येक मिनिटाला कच्च्या वाचनांतलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठं वाचनही लिहायला लावलं. हा एक जादा रकाना मला १४ बिटांपेक्षा मोलाचा वाटतो. दोघांत निदान दोन-तीन पायऱ्यांचं अंतर असेल तर सरासरीवर विश्वास ठेवायचा. अंतर शून्य असेल तर दशांशापुढचे सगळे आकडे खोटे. अंतर नेहमीपेक्षा अचानक पुष्कळ वाढलं तर केबलभोवतीची जाळी सुटलीय.

त्या रात्री शेतातच मुक्काम केला. लाईट गेल्यावरही रेघ तिरपीच राहिली. मी आठ वाजता आणि पहाटे पाचला पोलादी मोजपट्टीला खडू लावून विहिरीत सोडली. खडू जिथवर भिजतो तिथवर पाणी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. मामा टॉर्च धरून उभे. पट्टीने सांगितलं, नऊ तासांत १४.७ सेंटिमीटर चढलं. मशीन म्हणालं १३.१.

रेघ गुळगुळीत, अंतराचा रकाना ठीक, तरी दीड सेंटिमीटर कमी. गुळगुळीत रेघ म्हणजे बरोबर रेघ नव्हे, हे पहाटे पाचला, रिकाम्या पोटी कळणं काही सुखाचं नसतं. मल्टिमीटर काढला. बोर्डाचे ५ व्होल्ट आदल्या रात्री ४.९९५ लिहून ठेवले होते, आता ५.००८. संध्याकाळचं तापलेलं शेड पहाटे पंधरा अंश थंड झालं होतं आणि ७८०५ चं आउटपुट थंडीत थोडं वर सरकतं. १३ मिलिव्होल्ट म्हणजे पाव टक्का. ५०० पायऱ्यांचा पाव टक्का सव्वा पायरी, सुमारे १६ मिलिमीटर. नेमका तोच फरक.

एडीसी व्होल्ट मोजत नाही, रेफरन्सशी असलेलं गुणोत्तर मोजतो. रेफरन्स सावकाश सरकला तर सगळी वाचनं मिळून सरकतात आणि सरासरीत त्यांना खाऊन टाकायला कुणी उरत नाही. ओव्हरसॅम्पलिंग फक्त जलद हलणाऱ्या गोष्टी कमी करतं. तासन् तास सरकणारी चूक ते अधिक बारकाईने दाखवतं, एवढंच.

यासाठी दुसऱ्या पिनवर, A1 वर, टीएल४३१ हा रेफरन्स बसवला. दहा-वीस रुपयांत मिळतो आणि २.४९५ व्होल्ट ७८०५ पेक्षा कितीतरी स्थिर धरून ठेवतो. डिदर त्यालाही लागतो, नाहीतर तिथे जिना होतो आणि तो भागाकारातून आपल्या रेघेत शिरतो. त्याच लहरीपासून आणखी एक पॉलिएस्टर कपॅसिटर, १ मेग, १० किलो. एक खिडकी A0 ची, एक A1 ची, आणि मग

```
V = 2.495 * N0 / N1
```

५ व्होल्ट या हिशोबातून निघूनच जातात. पुढच्या रात्री पट्टी आणि मशीन यांच्यात तीन मिलिमीटरचा फरक होता, आणि त्यातले किती माझ्या डोळ्यांचे, हे मी भांडून सांगणार नाही.

१४ बिटांबद्दल मात्र माझा कुठलाच दावा नाही. उनोच्या एडीसीच्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या नसतात. डेटाशीटमध्येच त्याची एकूण अचूकता दोन पायऱ्यांची धरलेली आहे. ट्रान्समीटरची स्वतःची चूक अर्धा टक्का, म्हणजे पाच सेंटिमीटर. विहिरीत ३.६ मीटर पाणी आहे असं मशीन म्हणालं तर ते ३.५५ असू शकतं. पण मामांना खोली नको होती, चढण हवी होती. स्थिर चूक वजाबाकीत जाते. पायऱ्यांचा उंचसखलपणा दहा-बारा पायऱ्यांच्या चढणीत विरतो. हेच यंत्र टाकीत नेमके किती लिटर आहेत ते सांगायला लावलं असतं, तर मी बाहेरचा एडीसी आणि चांगला सेन्सर घेतल्याशिवाय हात लावला नसता.

आठवडाभराचे आकडे कागदावर काढून दिले. मोटार बंद झाल्यावर पहिल्या तासात विहीर ३.२ सेंटिमीटर चढते, म्हणजे नऊशे लिटर. चार तासांनी तासाला २.३. पहाटे १.१, जेमतेम तीनशे लिटर. पाणी वर आलं की झऱ्यांवरचा दाब वाढतो आणि आवक मंदावते. मामांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही, आकड्यांचं वाटलं. त्यांनी कागद उलटा केला, पेन्सिलीने काहीतरी मांडलं, आणि म्हणाले, एकदम चार तास मोटार चालवून विहीर रात्रभर भरू देण्यापेक्षा, सकाळी दोन तास आणि लाईट जायच्या आधी दोन तास चालवली, तर पाणी जास्त वेळ खाली राहील आणि जास्त येईल. म्हणाले, उद्यापासून तसं करतो.

नटबोल्टाची दोरी त्यांनी अजून काढलेली नाही. शेडच्या खिळ्यावर मशीनशेजारीच टांगलेली आहे.